रान काय करतं ते विचार

बाई, तुझं प्रकरण वाचलं. फोनवर अक्षर बारीक दिसतं म्हणून बसस्टँडजवळच्या दुकानातून छापून आणलं आणि दोन दिवस पडवीत पेन्सिल घेऊन बसलो. 'बनगरवाडी : निसर्गचित्रण' असं शीर्षक आहे आणि अकरा पानं आहेत. त्यातल्या नऊ पानांवर तू माळ, ऊन, पहाट, धूळ, चांदणं यांच्या जागा शोधून काढल्यास. प्रत्येक जागेखाली एकच वाक्य कपडे बदलून उभं आहे : लेखकाने माणदेश जिवंत केला आहे. कुठे 'हुबेहूब उभा केला', कुठे 'डोळ्यांसमोर आणला'. तुझे मार्गदर्शक यावर बरे गुण देतील, त्याची मला काळजी नाही. पण वाचून झाल्यावर मला कादंबरीबद्दल काहीच नवं कळलं नाही.

रागवू नको. मीही नोकरीची पहिली दहा वर्षं असंच शिकवलं. 'वर्णन कसं आहे ते सांगा' असा प्रश्न फळ्यावर लिहायचो आणि पोट्टे 'सुंदर आहे' असं लिहून मोकळे व्हायचे. एकदा आमचे जुने मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसले. तास संपल्यावर व्हरांड्यात मला एवढंच म्हणाले, "वर्णन कसं आहे हे विचारू नका, गुरुजी. ते पान फाडून टाकलं तर पुढच्या पानावर कोणाचं काय अडेल, ते विचारा." पुढची बावीस वर्षं मी तेवढ्या एका वाक्यावर शिकवलं. तेच आता तुझ्या कानात घालतो.

आधी आपल्या दारातलं बघ. तुझी आजी मोहफुलं वेचायला जायची ती पहाटे, अंधार असतानाच. का? मोह मार्च-एप्रिलमध्ये फुलतो आणि फुलं रात्रीतून, पहाटेकडे गळतात. उशीर झाला की चितळं, अस्वलं आणि शेजारणी तिन्ही आपल्या आधी पोचतात. म्हणजे बाई अंधारात एकटी झाडाखाली वाकलेली असते, आणि जनावरही त्याच वेळी त्याच झाडाकडे येतं. पाचोळ्यात फूल दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तो जाळ कधी हाताबाहेर गेला की जंगल पेटतं, आणि मग वनरक्षक दारात उभा राहतो. उद्या कोणी कादंबरीकार एखाद्या बाईला भर दुपारी मोह वेचताना वाघ दाखवील, तर समज की त्याला मोह माहीत नाही, त्यानं झाडीचा पडदा टांगलाय. पण पहाट, वाकलेली बाई आणि अस्वल ही तिन्ही ज्यानं एका झाडाखाली बरोबर आणली, त्याच्या कादंबरीत मोहाचं झाड काहीतरी करतंय. झाडाचं वर्णन अर्ध्या ओळीचं असलं तरी चालेल.

हा फरक डोक्यात ठेवून आता 'बनगरवाडी'कडे चल. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली आली. काळ औंध संस्थानाचा आहे. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या छोट्या वाडीवर शाळा चालवायला जातो. मुलं मेंढरांमागे जातात, म्हणून शाळा भरत नाही. मग हळूहळू मास्तर वाडीचा होतो, लोकांना उभं करून तालीम बांधतो, पंतप्रतिनिधी तिच्या उद्घाटनाला येतात. पुढे पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, माणसं पोटासाठी बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. मास्तरही जातो. गोष्ट एवढीच. त्यात कोणी खलनायक नाही. तुझ्या प्रकरणात हे कुठेच आलेलं नाही, आणि खरं तर सुरुवात इथून करायला हवी होती. खलनायक नसताना एक अख्खी वाडी उठते, तर ती उठवली कोणी?

'पावसानं' असं तू पटकन म्हणशील. थांब. पाऊस आपल्याकडेही दगा देतो, म्हणून आपलं सावली गाव उठून जात नाही.

म्हणून पहिली गोष्ट करून बघ. कादंबरी उचलून आपल्या गावात आणून ठेव. हे मी वर्गात दर वर्षी करायचो आणि पोरांना यात फार मजा यायची. बनगरवाडी सावली तालुक्यात आसोलामेंढ्याच्या तलावाखाली आणून ठेव, आणि बघ काय काय मोडतं. आपल्याकडे साधारण बाराशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तिकडे पाचशेच्या आसपास. पण आकडा सोड, तो काही सांगत नाही. माणसाची पुंजी कुठे आहे ते बघ. आपल्या माणसाची पुंजी बांधीत आहे. चारी बाजूंनी धुरे घालून, चिखल करून, रोवणा करून त्यानं ती जमिनीत पुरली आहे. पाऊस ओढ देतो तेव्हा तो जमीन सोडून जाऊ शकत नाही. तो तलावाकडे बघतो, पाटकऱ्याशी भांडतो, शेजाऱ्याचा धुरा रात्री फोडतो. आपल्या मातीतला दुष्काळ माणसाला माणसाशी भांडायला लावतो. कामाला माणसं बाहेर जातात, पण घर, बांधी आणि म्हातारी मागे राहतात.

धनगराची पुंजी चार पायांवर चालते. तिला रोज गवत लागतं, रोज पाणी लागतं, आणि ती कोठारात भरून ठेवता येत नाही. गवत संपलं की तीनच वाटा उरतात : मेंढरं वीक, मेंढरं मरताना बघ, नाहीतर मेंढरांमागे निघ. भांडून गवत उगवत नाही. म्हणून 'बनगरवाडी'च्या शेवटाकडे भांडण नाही, फक्त निघणं आहे. तोच दुष्काळ सावलीत लिहिला असता तर कादंबरीत मारामारी, कोर्ट आणि पाटकरी आले असते. आता तुला लिहायला एक वाक्य मिळालं बघ : या कादंबरीचा शेवट शांत आहे, कारण या भूमीत माणसाची पुंजी चालणारी आहे. हे निसर्गवर्णनावरचं वाक्य नाही, कथानकावरचं आहे, आणि तरी ते मातीतूनच निघालंय.

हलवून बघताना एक चूक होते, ती सांगून ठेवतो. पोरं गावाची माहिती हलवतात. एकानं लिहिलं होतं, सावलीत १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन भरलं, गांधीजी इथे राहिले, इथली खादी प्रसिद्ध होती, तेव्हा बनगरवाडी इथे आली तर लोक सूत कातत असते. माहिती खरी आहे आणि आपल्याला तिचा अभिमानही आहे, पण ती माहिती झाली, जोर नव्हे. गावाबद्दलची कुठली गोष्ट माणसाची एक वाट बंद करते किंवा एक वाट उघडते, तेवढीच हलवायची. सूत कातून दुष्काळात घर चालत असेल, म्हणजे वाट उघडत असेल, तर ते लिही. नुसतं ठिकाणाचं मोठेपण म्हणून लिहू नको.

दुसरी गोष्ट थोडी कंटाळवाणी आहे, पण तिच्यावाचून गत्यंतर नाही. एक वही कर. कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाच आणि वहीत तीन रकाने आख. पहिल्या रकान्यात माती, पाऊस, अंतर, ऋतू, जनावर यांतलं काय घडलं ते. दुसऱ्यात त्यामुळे कोणाला काय ठरवावं लागलं. तिसऱ्यात ते ठरवण्याची किंमत कोणी मोजली. पहिला रकाना भराभर भरतो. दुसरा जिथे रिकामा राहील ते वर्णन नुसतं वर्णन आहे. त्याचा अपमान करू नको, लेखकाला श्वास घ्यायला तेही लागतं. पण तुझं प्रकरण भरलेल्या ओळींवर उभं राहील.

एक ओळ मी भरून दाखवतो. वाडीतल्या शेकूचा प्रसंग आठव. पेरणीची वेळ आली आहे आणि त्याच्या बैलाला जोड नाही. दुसरा बैल मिळत नाही, आणि शेवटी त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतःचा खांदा देते. तू या प्रसंगाखाली लिहिलंस, 'स्त्रीच्या कष्टाळूपणाचे हृदयस्पर्शी दर्शन.' आणि त्याचा जागेशी काही संबंध नाही म्हणून तो निसर्गाच्या प्रकरणातून वगळून टाकलास. बाई, या अख्ख्या कादंबरीत मातीनं केलेलं सगळ्यात मोठं काम हेच आहे!

नीट विचार कर. बैल नाही ही गरिबी झाली. गरीब माणूस बैल उसना घेतो. चार दिवस थांबला असता तर ज्याची पेरणी उरकली त्याचा बैल मिळाला असता. मग तो थांबला का नाही? कारण कोरडवाहू जमीन थांबू देत नाही. पाऊस पडून गेला की मातीत पेरण्याजोगी ओल, ज्याला वापसा म्हणतात ती, थोडे दिवस टिकते. वरून ऊन आणि वारा असला की आणखी कमी. त्या दिवसांत बी पडलं तर उगवेल, नाहीतर वर्ष गेलं. आणि तेच दिवस वाडीतल्या प्रत्येकाला असतात, म्हणून ज्या दिवशी शेकूला बैल हवा त्याच दिवशी कोणाचाही बैल मोकळा नसतो. शेजारी दुष्ट नाहीत. ओलीनं सगळ्यांना एकाच वेळी एकच काम दिलंय. पहिल्या रकान्यात 'ओल, थोडे दिवस' लिही. दुसऱ्यात 'शेकू आणि त्याची बायको : थांबायचं की नाही'. तिसऱ्यात 'बायकोचा खांदा'. त्या प्रसंगात मातीचं वर्णन किती ओळी आहे ते मोजू नको. तिथे माती घड्याळ झाली आहे, आणि घड्याळाचं वर्णन कोणी करत नाही.

आपल्या माणसाला हे चटकन कळायला हवं, खरं तर. रोवण्याच्या वेळी मजूर का मिळत नाही, दुप्पट रोजीनं का मिळतो, हे तू लहानपणापासून ऐकलंस. पऱ्हे वाढून गेले की रोवून उपयोग नाही, आणि सगळ्यांचे पऱ्हे एकाच आठवड्यात तयार होतात. तेच दुखणं आहे, पीक वेगळं. ज्या वाचकाला कुठल्याही एका मातीचं घड्याळ अंगातून माहीत आहे, त्याला दुसऱ्या मातीची कादंबरी लवकर उघडते. फक्त आपलं घड्याळ तिकडे लावू नको. आपल्याकडे भारी धानाचा जीव ऑक्टोबरच्या पाण्यात असतो. धान पोटरीत आलेलं असताना शेवटचं पाणी चुकलं की पळंज हाती येते. तिकडे जीव गवतात आणि पेरणीच्या ओलीत असतो. दर कादंबरीला विचारायचं : इथे जीव कुठल्या महिन्यात अडकलेला आहे? मग तो महिना आला की लेखकाचा हात कसा चालतो ते बघ. पानं संथ होतात की धावतात, संवाद वाढतात की आटतात.

आता तिसरी गोष्ट, आणि मला विचारशील तर सगळ्यात उपयोगाची. एक वस्तू धर आणि तिच्या मागे मागे जा. 'बनगरवाडी'त मेंढरं धर. सुरुवातीला ती मास्तरची शत्रू आहेत, कारण मुलं त्यांच्यामागे रानात जातात आणि शाळा रिकामी राहते. मग तीच वाडीची श्रीमंती आहेत, कारण त्यांच्यावर माणसं जगतात आणि शाळेसाठी, तालमीसाठी हात मोकळे होतात. शेवटी पाऊस गेला, गवत गेलं, गवताबरोबर मेंढरं, मेंढरांबरोबर माणसं, माणसांबरोबर मुलं, मुलांबरोबर शाळा, आणि शाळेबरोबर मास्तर. ही साखळी वहीत एका ओळीत लिहून काढ आणि तिच्याकडे बघत बस. नायक साखळीच्या शेवटच्या कडीला बांधलेला आहे आणि पहिली कडी आभाळात आहे. मास्तर पहिल्या दिवसापासून मुलांना मेंढरांपासून सोडवायला धडपडतो, आणि मेंढरं संपतात तेव्हा मुलंच उरत नाहीत. तो ज्यांच्याशी भांडत होता त्यांच्यावरच त्याची शाळा उभी होती. हे मला विसाव्यांदा वाचताना कळलं, म्हणून तुला फुकट देतो.

आणि याच साखळीशेजारी तालीम ठेव. वाडीचं सगळं चालतं-फिरतं असताना मास्तर जमिनीत पाया घालून भिंती उभ्या करतो. ज्यांची पुंजी पायांवर आहे त्यांना तो न हलणारी वस्तू देतो. लोक कष्टानं ती बांधतात, पंत येतात, सोहळा होतो. मग माणसं निघून जातात. तालीम त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. लेखक यावर भाष्य करत बसत नाही, पण ही इमारत आणि तो माळ यांच्यातला ताण हाच मला कादंबरीचा कणा वाटतो. काही समीक्षक तालमीला मास्तरच्या ध्येयवादाची खूण म्हणतात. असेल. पण ती खूण कशावर उभी आहे हे विचारल्याशिवाय अर्धीच वाचली जाते.

तू एका ठिकाणी लिहिलंस, 'माळ हे या कादंबरीतील एक पात्रच आहे.' हे वाक्य खोडून टाक. दर दुसऱ्या शोधनिबंधात असतं ते. कुठे माळ पात्र, कुठे नदी पात्र, कुठे शहर पात्र. पात्राला इच्छा असते. ते रागावतं, लोभावतं, चुकतं. माळाला वाडी उठवायची नव्हती आणि राखायचीही नव्हती. त्याला काहीच नको आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला वश करता येत नाही, त्याच्या पाया पडून उपयोग नाही. वाडीचा कारभारी रागावला तर समजूत घालता येते. 'पात्र' म्हटलं की तू हा फरकच पुसून टाकतेस. आणि लेखकानं एखाद्या वाक्यात वाऱ्याला कुजबुजायला लावलं किंवा डोंगराला उभं राहायला लावलं, म्हणजे निसर्ग सक्रिय झाला असंही नाही. तो अलंकार आहे. क्रियापद डोंगराला दिलं म्हणून डोंगर काही करत नसतो.

इंग्रजीवाले 'माळ पात्र आहे' याला हार्डीचं उदाहरण देतात, 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह', १८७८. पहिलं अख्खं प्रकरण एग्डन नावाच्या ओसाड माळाचं वर्णन आहे आणि परीक्षेत सगळे तेच लिहितात. मला ते प्रकरण थोडं जड वाटतं. तो माळ खरा काम करतो ते फार पुढे. आई मुलाकडे समेट करायला ऑगस्टच्या उन्हात तो माळ तुडवत चालत जाते. दार उघडत नाही. तेवढंच अंतर परत चालायचं असतं, थकून वाटेत बसते, आणि साप चावतो. उघडलं नाही ते दार माणसाचं होतं. पण दोन घरांत एवढा माळ नसता तर न उघडलेल्या दारापायी जीव गेला नसता. अंतर, ऊन, साप. यातलं एकही पहिल्या प्रकरणाच्या भारदस्त वाक्यांसारखं दिसत नाही.

आता उलट बाजूची चूक, जी तू अजून केली नाहीस पण हे पत्र वाचल्यावर हमखास करशील. सगळंच मातीवर ढकलशील. म्हणून अंजीच्या चोळीचा प्रसंग मुद्दाम वहीत घे. कारभाऱ्याची पोर मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते, आणि त्यावरून कारभाऱ्याच्या मनात किल्मिष येतं. यात माती किती? वाडीत शिंपी नाही, दुकान नाही. मास्तर सुट्टीला आपल्या गावी जातो-येतो, म्हणून वाडीची बाहेरची कामं त्याच्या पिशवीत पडतात. एवढं अंतरानं केलं. म्हणजे प्रसंग घडायची जागा मातीनं तयार केली. पण बापाच्या मनातला संशय, तरुण पोर आणि परका तरुण यांच्याकडे बघण्याची नजर, हे माळानं केलेलं नाही. तोच संशय आपल्या तलावाच्या पाळीवरही आला असता, नागपुरातल्या चाळीतही. इथे हलवून बघ : शिंपी शेजारी आणला तर प्रसंग मोडतो, पण संशय दुसरी वाट शोधतो. तेव्हा तुझ्या प्रकरणात स्पष्ट लिही की इथे भूमी निमित्त देते, कारण देत नाही. मर्यादा अशी नेमकी सांगितलीस की बाकीच्या ठिकाणी लोक तुझ्यावर विश्वास ठेवतील.

पंतांचंही तसंच. त्यांचं येणं ही राजसत्तेची गोष्ट आहे, पावसाची नाही. संस्थान होतं म्हणून ते आले. १९४८ मध्ये औंध विलीन झालं.

नजरेबद्दल थोडं सांगतो. माळ सांगतो कोण? मास्तर. तो बाहेरून आलेला आहे. त्याला जिथे उजाड दिसतं तिथे धनगराला चरण दिसतं. म्हणून कादंबरीतला माळ एकच असला तरी बघणाऱ्यांबरोबर बदलतो, आणि मास्तर जसा वाडीचा होतो तशी त्याची नजरही सरकते. तुझ्या उताऱ्यांना पान क्रमांक आहेत, पण ते तू क्रमानं लावले नाहीस, विषयानं लावलेस : ऊन एकीकडे, पहाट एकीकडे. त्यानं ही सरकण दिसतच नाही. ते क्रमानं लाव. पहिल्यांदा मास्तर वाडीकडे चालत येतो ती वाट आणि शेवटी तो निघतो ती वाट, दोन्ही पानं शेजारी ठेव. धनगरांची वाडी तशीही दिवसा मोकळीच असते, मेंढरांबरोबर माणसं रानात गेलेली. येतानाचं रिकामपण संध्याकाळी भरून येणारं होतं. जातानाचं तसं नाही. रिकामी वाडी दोन्हीकडे आहे, पण दुसऱ्या वेळी वाचकाला ती वेगळी दिसते, कारण मधल्या पानांत त्याला कळलं आहे की संध्याकाळी परत येणारे कोण होते.

आता तू विचारलंस की पुढच्या प्रकरणासाठी आपल्या भागातली कादंबरी घेऊ का. घे. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात वर्षानुवर्षं काम केलेल्या विलास मनोहरांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' घे. माडिया माणसाची गोष्ट आहे आणि रान इथलंच, भामरागडकडचं. पण एक सावधगिरी बाळग. 'घनदाट अरण्य' हे शब्द दिसले की पेन्सिल खाली ठेव. आपल्याकडच्या लिखाणात जंगल म्हटलं की वाघ, ढोल आणि अंधार, असा एक तयार पडदा असतो, आणि बाहेरून येणाऱ्यापेक्षा आपणच तो जास्त ओढतो.

माणदेशातल्या माळाला विचारलेला प्रश्न इथे पुरत नाही. इथे जंगल दोन आहेत. एक झाडांचं, ज्यात मोह, तेंदू, चारोळी, बांबू आणि शिकार आहे. दुसरं कागदावरचं, ज्यात राखीव जंगलाची हद्द, पास, दंड आणि गुन्हा आहे. वन कायदे आले आणि एकाच झाडाला दोन मालक झाले : जो त्याखाली पिढ्यान्‌पिढ्या बसला तो, आणि ज्याच्या नोंदवहीत ते आहे तो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तोवर गावाच्या रानातला बांबूसुद्धा गावाचा नव्हता. झाड एकच, पण कागद बदलला की त्याच झाडाखालच्या माणसाची वाट उघडते किंवा बंद होते. म्हणून जंगलाच्या कादंबरीसाठी तुझ्या वहीत चौथा रकाना आख : हे झाड, हा नाला, ही वाट कोणाच्या नावावर आहे? दुष्काळानं वाडी उठते तिथे आभाळाशी भांडता येत नाही. इथे माणसाला अडवणारं रान खाकी कपडे घालून येतं, आणि त्याच्याशी भांडता येतं. 'जन्म' हा शब्द शीर्षकात का आहे, ते या चौथ्या रकान्यातून शोधून बघ. मी माझं उत्तर आधी सांगणार नाही.

झाडांची नावं चुकवू नको मात्र. मागे एका विद्यार्थ्यानं तेंदूपत्त्याची तोडणी पावसाळ्यात नेऊन ठेवली होती. ती मे महिन्याची, उन्हाची. ज्या महिन्यात घरात धान संपत आलेलं असतं त्याच महिन्यात हा पैसा येतो, म्हणून पुड्याच्या दरावरून एवढं रामायण होतं. महिना चुकला की दरामागचं पोट दिसत नाही, आणि मग मजुरीचा प्रसंग नुसती घोषणा वाटतो.

लिहिताना एवढं कर. प्रकरणाची सुरुवात 'माणदेश हा सातारा-सांगली-सोलापूर भागातील अवर्षणग्रस्त प्रदेश आहे' अशी करू नको. शेकूच्या बायकोच्या खांद्यापासून कर. तो खांदा जुवाखाली का गेला, हे सांगता सांगता ओल, ऋतू, मेंढरं, सगळं आपोआप येईल, आणि पर्जन्यमानाचा आकडा जिथे लागेल तिथेच बसेल. नऊ पानांतले उतारे दोन पानांवर आण. जे उरतील त्यातल्या प्रत्येकाला विचार की तुझ्यामुळे कोणी काय ठरवलं. उत्तर नसेल तर त्याला जाऊ दे, कितीही सुंदर असला तरी. शीर्षकातून 'चित्रण' काढ. दुसरं काय ठेवायचं ते तुझं तू बघ.

दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये, छापलेलं प्रकरण नको. आणि टॉर्चचे सेल आण, इथे चांगले मिळत नाहीत. आज रात्री आमच्या बांधीला नहराच्या पाण्याची पाळी आहे. बारा वाजता पाटकरी हाक मारील. वरच्या धुऱ्यावाला मागच्या पाळीला अर्ध्या रात्रीच पाणी तोडून घेऊन गेला, तेव्हा या पाळीला मी स्वतःच जाऊन बसणार आहे. भारी धान पोटरीत आलंय.